एक फाईल बदलली की किती प्रोग्रॅम दुरुस्त होतात?

सप्टेंबर २०२३मध्ये libwebp या लायब्ररीत एक घातक दोष उघडकीस आला. वेबपी प्रकारची चित्रं उलगडून दाखवायचं काम ही लायब्ररी करते. त्यासाठी लागणारा एक तक्ता ती मेमरीत तयार करते. मुद्दाम बिघडवलेलं चित्र आलं की तो तक्ता राखीव जागेबाहेर लिहिला जायचा. म्हणजे चित्र नुसतं उघडलं, तरी हल्लेखोराला संगणकात शिरायची वाट मिळू शकत होती. प्रत्यक्ष हल्ल्यांत या दोषाचा वापर सुरूही झाला होता.

दुरुस्ती झाली ती १.३.२ या आवृत्तीत. पण ती आपल्यापर्यंत कशी पोहोचते, हे प्रोग्रॅम लायब्ररी कुठून घेतो यावर ठरतं.

लिनक्सवर बरेच प्रोग्रॅम libwebp स्वतःजवळ बाळगत नाहीत. त्यांच्यात फक्त libwebp.so.7 हे नाव नोंदलेलं असतं. प्रोग्रॅम सुरू होताना त्या नावाची फाईल शोधून मेमरीत जोडली जाते. कोणता प्रोग्रॅम असं करतो, ते पाहता येतं:

```
ldd /usr/bin/cwebp | grep webp
```

ही एक फाईल अपडेट झाली की तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्रॅम पुढच्या वेळी दुरुस्त कोड वापरतात. ते बनवणाऱ्यांना काहीच करावं लागत नाही.

'पुढच्या वेळी' हे मात्र विसरू नका. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जुनीच लायब्ररी राहते, डिस्कवरून ती पुसली गेली तरीही. असे प्रोग्रॅम या कमांडने सापडतात:

```
sudo lsof | grep libwebp | grep DEL
```

यादीत जे दिसेल ते बंद करून पुन्हा सुरू करायचं. ही पायरी राहून गेली, तर अपडेट करूनही धोका तसाच राहतो.

क्रोम आणि फायरफॉक्स यांना मात्र स्वतःची नवी आवृत्ती काढावी लागली, कारण libwebpची प्रत त्यांच्या आतच असते. इलेक्ट्रॉन हा क्रोमियम सोबत घेऊन ॲप बनवायचा सांगाडा; त्यावर बांधलेल्या ॲप्सची साखळी तर आणखी लांब. क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियममध्ये दुरुस्ती, मग इलेक्ट्रॉनमध्ये, मग प्रत्येक ॲप बनवणाऱ्याकडून नवी आवृत्ती, आणि शेवटी ती आपण घेणं. एकच कडी सुटली तरी ते ॲप उघडंच राहतं. त्यात libwebp प्रोग्रॅममध्येच मिसळलेली असल्यामुळे वेगळी फाईल नसते आणि ldd काही दाखवत नाही. ॲप कोणत्या इलेक्ट्रॉनवर उभं आहे, हेच शोधावं लागतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बनवणाऱ्याने वाऱ्यावर सोडलेल्या ॲप्सची, कारण त्यांच्या आतली प्रत कुणीच बदलणार नसतं.

स्वतःची प्रत ठेवणाऱ्यांचं कारणही खरं आहे. ज्या आवृत्तीवर चाचण्या केल्या, तीच सगळीकडे चालेल याची त्यांना खात्री हवी असते. सामायिक लायब्ररीत नवी चूक शिरली, तर तीही एकदम सगळ्यांकडे जाते. नावातल्या ७मुळे निदान न जुळणारे बदल वेगळे ठेवता येतात. जुन्या प्रोग्रॅमशी न जुळणारा बदल केला की हा आकडा वाढवायचा आणि दोन्ही फाईली शेजारी शेजारी ठेवायच्या. सुरक्षेची छोटी दुरुस्ती मात्र आकडा न बदलता करता येते, म्हणूनच ती एका फटक्यात सगळ्यांना मिळते.