श्रावणी सोमवार कसे मोजावेत?
शिवामूठ आणि उपवासाचे सामान नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक : श्रावण, शके १९४८ (सन २०२६)

आषाढी एकादशी झाली की आमच्या दुकानात रोज एक प्रश्न येतो : "पहिला सोमवार कधी?" आपला रावेर-मुक्ताईनगरचा पट्टा बऱ्हाणपूरला लागून आहे. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. भुसावळला रेल्वेमुळे उत्तरेकडची कितीतरी कुटुंबे राहतात. त्यामुळे एकाच गल्लीत एका घरी श्रावण लागलेला असतो आणि शेजारी अजून आषाढ चालू असतो. दोन्ही घरांचे बरोबर आहे. गोंधळ होतो तो अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे मोजले की.

आधी आपले मोजणे. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो. आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्याची अवस, झाली की दुसऱ्या दिवशी श्रावण शुद्ध प्रतिपदा. यंदा दिव्याची अवस बुधवारी, १२ ऑगस्टला आहे. म्हणून श्रावण गुरुवारी १३ ऑगस्टला लागतो आणि ११ सप्टेंबरला संपतो. त्यात सोमवार येतात ते असे : १७ ऑगस्ट, २४ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. यंदा चारच सोमवार आहेत.

शिवामूठ याच क्रमाने वाहायची. १७ तारखेला तांदूळ, २४ ला तीळ, ३१ ला मूग आणि ७ सप्टेंबरला जव. पाचवा सोमवार आला तर सातू, पण यंदा सातूची गरज नाही, म्हणून आमच्या यंदाच्या पुडक्यात तो घातलेला नाही. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे शिवामूठ वाहणाऱ्या नव्या सुनांना हे मुद्दाम सांगतो. नुसता उपवास असेल तर सोमवार पुढेमागे मोजला तरी फारसे अडत नाही, पण मुठीचा क्रम मात्र पहिल्या सोमवारापासून धरलेला असतो. पहिला चुकला की पुढचे सगळे धान्य चुकते.

यंदाचा पहिला सोमवार नागपंचमीचाच आहे, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपा. ज्यांच्याकडे कानबाई बसते त्यांच्यासाठीही हिशेब सरळ आहे. नागपंचमीनंतरचा रविवार २३ ऑगस्टला येतो आणि सोमवारी २४ ला कानबाईचे विसर्जन. तोच आपला दुसरा सोमवार, तिळाचा.

आता बऱ्हाणपूरकडचे. तिकडे आणि पुढे सगळ्या उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. गुरुपौर्णिमेला त्यांचा आषाढ पुरा होतो आणि दुसऱ्या दिवसापासून सावन. यंदा गुरुपौर्णिमा २९ जुलैला आहे, म्हणून त्यांचा श्रावण ३० जुलैला लागतो आणि राखीच्या पौर्णिमेला, २८ ऑगस्टला, संपतो. त्यांचे सोमवार ३, १०, १७ आणि २४ ऑगस्ट.

पुष्कळांना वाटते की उत्तरेचे पंचांगच पंधरा दिवस पुढे पळते. तसे नाही. चंद्र तोच, तिथी तीच, सणाचा दिवसही तोच. फरक फक्त कृष्ण पक्षाला कोणत्या महिन्याचे नाव द्यायचे एवढाच. पौर्णिमेनंतरच्या ज्या पंधरवड्याला आपण आषाढ वद्य म्हणतो, त्याला ते श्रावण कृष्ण म्हणतात. पुढचा शुक्ल पक्ष दोघांचाही श्रावणच. त्यानंतरचा वद्य पक्ष आपल्याकडे श्रावणात राहतो, त्यांच्याकडे भाद्रपदात जातो. शेत एकच, बांध तेवढा वेगळ्या जागी घातलेला. म्हणून राखी दोन्हीकडे एकाच दिवशी बांधतात, आणि जन्माष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी असली तरी तिथी एकच असते.

महिन्याचे नाव पडते पौर्णिमेवरून. त्या दिवशी चंद्र श्रवण नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून श्रावण. उत्तरेत ही पौर्णिमा महिन्याच्या शेवटी येते, आपल्याकडे मधोमध. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगण इथे आपलीच रीत आहे. त्यामुळे नंदुरबार-नवापूरकडच्या ग्राहकांचे नातेवाईक सुरतेला असतील तर त्यांचे सोमवार आपल्याशी जुळतात.

आता नेहमी होणारी चूक पाहा. एखादी लेक आषाढात बऱ्हाणपूरला सासरी असते. तिथे सगळ्याजणी धरतात म्हणून ३ ऑगस्टला पहिला सोमवार धरते. मग राखीला माहेरी येते, इथे श्रावण चालूच असतो, म्हणून ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबरही धरते. झाले सहा सोमवार, आणि सहाव्या सोमवारची मूठ तर नाहीच! उलटही घडते : १७ ला सुरुवात करून राखीला सोडले तर हाती दोनच सोमवार लागतात. आमचे सांगणे एवढेच, की ज्या घरचे व्रत घेतले त्या घरचीच मोजणी शेवटपर्यंत धरावी. शिवामूठ सासरी शिकवली असेल तर सासरची. उपवास म्हणून जास्तीचे सोमवार केले तर काही बिघडत नाही, फक्त ते मुठीच्या क्रमात धरू नयेत.

पाचवा सोमवार कधी येतो, हेही विचारतात. चांद्रमास २९ किंवा ३० दिवसांचा असतो. श्रावण सोमवारी लागला तर पाच सोमवार नक्की. रविवारी लागला तर महिना ३० दिवसांचा असेल तेव्हाच पाच. बाकी कोणत्याही वारी लागला तरी चारच. २०२४ साली ५ ऑगस्टला सोमवारीच श्रावण लागला होता. अमावस्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारनंतर संपली होती आणि सोमवारी सूर्योदयाला प्रतिपदा होती, म्हणून तोच पहिला सोमवार. दिवसाची तिथी ठरते ती सूर्योदयाला असलेल्या तिथीवरून, हे ध्यानात ठेवावे. पाचवा सोमवार २ सप्टेंबरला, सोमवती अमावस्येला, पोळ्याच्याच दिवशी आला. "अमावस्येला सातू वाहायचा का?" असे तेव्हा अनेकींनी विचारले होते. अमावस्या श्रावणातलीच असते, तेव्हा वाहायचा.

अधिक श्रावण आला की सोमवारांची संख्या फारच वाढलेली दिसते. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. उत्तरेत ४ जुलै ते ३१ ऑगस्ट असा लांबलचक सावन झाला आणि आठ सोमवार आले. आपल्याकडे नेहमीची व्रते निज महिन्यात करतात, म्हणून शिवामुठीचे सोमवार चारच होते : २१ आणि २८ ऑगस्ट, ४ आणि ११ सप्टेंबर. यंदा अधिक महिना ज्येष्ठात होऊन गेला. त्यामुळेच गेल्या वर्षी २५ जुलैला लागलेला श्रावण यंदा ऑगस्टच्या मध्यावर गेला आहे.

मोबाईलवरच्या पंचांगात तारीख वेगळी दिसली तर घाबरू नका, आधी ते कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये 'अमांत' आणि 'पूर्णिमांत' असे दोन पर्याय असतात. आपल्याला अमांत निवडायचे. तो पर्याय सापडला नाही तर ३० जुलैचे पान उघडा. तिथे आषाढ लिहिले असेल तर ते आपले, श्रावण लिहिले असेल तर उत्तरेचे.

तांदूळ, तीळ, मूग आणि जव यांची चार वेगळी पुडकी, प्रत्येकावर तारीख लिहून, दिव्याच्या अवसेच्या आधीपासून दुकानात मिळतील. उत्तरेच्या मोजणीने व्रत करणाऱ्या ताई-काकूंनी सामान घेताना तसे सांगावे. त्यांच्या पुडक्यांवर ३ ऑगस्टपासूनच्या तारखा लिहून देऊ.