भिंत भाड्याने देणं वेगळं, गच्ची भाड्याने देणं वेगळं

जाहिरातीसाठी इमारतीची जागा देण्याचे करार माझ्यासमोर तपासायला येतात, तेव्हा निम्म्या वेळा मसुदा एकच असतो. कुणीतरी आधी बाजूच्या भिंतीसाठी केलेला करार घेतलेला असतो आणि त्यात ‘भिंत’ खोडून ‘गच्ची’ घातलेलं असतं. दर तोच, मुदत तीच आणि फलक काढण्याचं कलमही तेच, म्हणजे ‘मुदत संपल्यावर जाहिरातदार फलक स्वखर्चाने काढील’ एवढंच. भिंतीला हे पुरतं, गच्चीला अजिबात पुरत नाही.

भिंतीबद्दल फार सांगत बसत नाही, कारण ती बहुतेकांना कळते. रंगवलेली जाहिरात असो की लोखंडी चौकटीवर ताणलेलं फ्लेक्स, तुम्ही एक पृष्ठभाग देता. दर त्याच्या क्षेत्रफळावर आणि ती रस्त्यावरून किती लांबून दिसते यावर ठरतो. खिडक्या झाकल्या जाणार नाहीत आणि भिंतीची गळती दुरुस्त करायची वेळ आली तर फ्लेक्स ठराविक दिवसांत उतरवलं जाईल, एवढं लिहून घ्या. मुदत संपली की बोल्ट काढायचे, भोकं बुजवायची, रंग मारायचा.

गच्चीचा दरही बहुधा फलकाच्या क्षेत्रफळावरच सांगतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त ठरलेलं भाडं घ्या, उत्पन्नातला वाटा नको. जाहिरात एजन्सीचे हिशेब मालकाला कधीच पूर्ण दिसत नाहीत.

खरा फरक पुढे आहे. गच्चीवर तुम्ही पृष्ठभाग देत नाही, तुमच्या इमारतीवर आणखी एक बांधकाम उभं करू देता. भिंतीवरच्या फ्लेक्सला मागून भिंतीचा आधार असतो. गच्चीवरचा फलक मोकळ्या हवेत उभा असतो आणि वारा शिडात भरावा तसा त्याच्यावर भरतो.

हिशेब करून पाहू. फलक ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, म्हणजे १८ चौरस मीटर. कठड्याच्या वर दिसावा म्हणून त्याची खालची कड गच्चीपासून २ मीटर उंचावर. वादळी वारा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर धरला, तर वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून दाब निघतो ९६० न्यूटन प्रति चौरस मीटर. सोप्या भाषेत, प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ १०० किलोचा रेटा. अख्ख्या फलकावर साधारण पावणेदोन टन, आडवा. हा रेटा फलकाच्या मध्यावर, गच्चीपासून साडेतीन मीटर उंचीवर लागतो. सांगाड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अडीच मीटर अंतर असेल, तर समोरून आलेला वारा पुढचे पाय सुमारे अडीच टनांनी वर उचलू पाहतो आणि मागचे पाय तेवढ्याच जोराने खाली दाबतो. वाऱ्याची दिशा उलटली की पायांच्या भूमिकाही उलटतात. सांगाड्याचं स्वतःचं वजन यातलं काही कमी करतं, पण फलकाच्या आकाराचा आणि सुरक्षिततेचा गुणक धरला की तेवढं परत वाढतं.

आता हे अडीच टन कुठे जातात ते विचारा, कारण मालकाचा संबंध तिथेच येतो. पाय खांबांच्या किंवा तुळयांच्या डोक्यावर बसवले तर भार इमारतीत नीट उतरतो. स्लॅबच्या मधोमध बसवले तर भलत्याच ठिकाणी. एजन्सीवाले म्हणतात, “स्लॅबला भोक पाडणार नाही, वजनाचे काँक्रीट ठोकळे ठेवतो.” ऐकायला बरं वाटतं. पण लोकांचा वावर असलेली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भारासाठी आखलेली असते. त्या हिशेबाने अडीच टनांचे ठोकळे १६ चौरस मीटरहून जास्त जागेवर पसरावे लागतील आणि प्रत्यक्षात ते पायांपाशी ढीग करून ठेवलेले असतात. ठोकळे नकोत तर अँकर बोल्ट आले, आणि अँकर बोल्ट म्हणजे वॉटरप्रूफिंगला पडलेली भोकं.

म्हणून गच्चीसाठी दोन वेगळे कागद लागतात आणि लोक एकाला दुसरा समजतात. एक, फलक लावण्याची स्थानिक संस्थेची परवानगी. दुसरा, ही इमारत हा भार पेलते असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र. पहिल्यासोबत दुसरा जोडलेला असतो असं गृहीत धरू नका, आपल्या हातात घेऊन पाहा. त्यात पायांच्या जागांचा नकाशा, धरलेला वाऱ्याचा वेग आणि फलकाचं माप असायला हवं. ‘इमारत सुस्थितीत आहे’ एवढं एक वाक्य असेल तर तो कागद परत करा. आणि फलकाचं माप वाढलं की प्रमाणपत्र रद्द, हे करारातच लिहा. उंची दीड मीटरने वाढवली तर क्षेत्रफळ दीडपट होतंच, शिवाय फलकाचा मध्य वर सरकतो, त्यामुळे पाय वर उचलणारा जोर दीडपटीहूनही जास्त वाढतो.

मुदतीचंही तसंच. करार पाच वर्षांचा असतो, परवानगी मात्र बहुधा त्याहून कमी काळाची आणि नूतनीकरण करून घ्यायची. परवानगी संपली आणि फलक तसाच राहिला, तर नोटीस इमारतीच्या दारावर लागते. करारात लिहा की परवानगी संपल्यापासून ७ दिवसांत फ्लेक्स खाली आणि ३० दिवसांत पूर्ण सांगाडा खाली, भाड्याचा वाद चालू असला तरी.

‘फलक काढील’ या दोन शब्दांत नेमकं काय येतं, हेही उलगडून लिहायला हवं. फ्लेक्स काही तासांत उतरतं आणि एजन्सीच्या दृष्टीने तिथे काम संपतं. सांगाडा वरून खाली, तुकड्या-तुकड्यांनी, दोर लावून उतरवायचा असतो. घाईत पाय आधी कापले तर सगळा सांगाडा कोसळतो. नंतर राहतात अँकर. ते स्लॅबच्या पातळीला कापून सोडले की उरलेलं लोखंड गंजतं, गंजून फुगतं, आजूबाजूचं काँक्रीट फोडतं आणि पाणी थेट वरच्या मजल्याच्या छतात उतरतं. तेव्हा कलमात असं हवं: अँकर पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरपर्यंत काढणे, खड्डा न आकसणाऱ्या ग्राउटने भरणे, त्यावर आणि आजूबाजूला वॉटरप्रूफिंग चढवणे, मग गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालचं छत तपासणे. छत कोरडं राहिलं तरच अनामत परत.

अनामतही भाड्याच्या महिन्यांवरून ठरवू नका. तीन महिन्यांचं भाडं हा भिंतीचा हिशेब झाला. गच्चीसाठी सांगाडा उतरवण्याचं आणि वॉटरप्रूफिंगचं दरपत्रक तिसऱ्याच ठेकेदाराकडून आधी मागवा आणि अनामत तेवढी घ्या, म्हणजे एजन्सी गायब झाली तरी काम होतं.

आणि शेवटच्या महिन्यात हमखास येणारा प्रस्ताव: “सांगाडा राहू दे, पुढच्याला उपयोगी पडेल, तुमचं नवं भाडंही लवकर सुरू होईल.” नाही म्हणा. ज्या दिवशी तुम्ही तो ठेवून घेता, त्या दिवसापासून तो सांगाडा, त्याचा गंज आणि तो पडला तर होणारं नुकसान तुमचं. पुढच्या भाडेकरूला तोच हवा असेल, तर त्याने नव्या प्रमाणपत्रासह तो जुन्या एजन्सीकडून स्वतःच्या नावावर विकत घ्यावा आणि त्याची अनामत तुमच्याकडे जमा झाल्याशिवाय जुन्याची सोडू नका.