कार्बोहायड्रेट: फायबर धरून की फायबर सोडून?

कळव्याच्या एका ताई घरी जवसाची चटणी करून विकतात. पाकिटाचं लेबल छापायला जाण्याआधी त्या मला दाखवतात. मागच्या महिन्यात चटणीच्या लेबलाबरोबर त्यांनी वाशीच्या मॉलमधून आणलेल्या युरोपातल्या राईच्या कुरकुरीत पावाचं पाकीटही पुढे ठेवलं. म्हणाल्या, "दादा, तुमच्या हिशोबानं दोन्हीकडे कॅलरी जुळत नाहीत. म्हणजे दोघंही चुकलेत का?"

तो हिशोब साधा आहे. एक ग्रॅम प्रोटीनच्या ४ किलोकॅलरी, कार्बोहायड्रेटच्याही ४, फॅटच्या ९. हे आकडे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटवॉटर यांच्या कामातून आले आणि आजही लेबलांवरची ऊर्जा बहुतेक वेळा त्यांच्यावरूनच काढतात.

ताईंची चटणी, १०० ग्रॅममागे: प्रोटीन १८, कार्बोहायड्रेट ३३, त्यातलं फायबर २४, फॅट ३६. गुणून बेरीज केली की ७२, १३२ आणि ३२४ मिळून ५२८ होतात. लेबलावर मात्र ४८०, म्हणजे ४८ कमी. त्या पावाचे आकडे असे: प्रोटीन ९, कार्बोहायड्रेट ६२, फॅट २, आणि वेगळ्या ओळीत फायबर १७. बेरीज येते ३०२, छापलेत ३३६, म्हणजे ३४ जास्त.

दोन्ही लेबलं बरोबर आहेत. 'कार्बोहायड्रेट' हा एकच शब्द ती दोन अर्थांनी वापरतात, एवढंच.

चटणीच्या लेबलावरचे ३३ ग्रॅम फायबर धरून आहेत. लॅबमध्ये हा आकडा बहुधा थेट मोजत नाहीत. शंभरातून पाणी, प्रोटीन, फॅट आणि नमुना जाळल्यावर उरणारी राख वजा करून जे उरतं ते कार्बोहायड्रेट. फायबर त्यातच राहतं. पण फायबर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातलं काही आंबवतात, तेवढीच ऊर्जा शरीराला मिळते, म्हणून त्याला ग्रॅममागे साधारण २ किलोकॅलरी धरतात. आपण २४ ग्रॅमला ४ नं गुणलं, लॅबनं २ नं. २४ गुणिले २ म्हणजे ४८. तंतोतंत तोच फरक.

युरोपात कार्बोहायड्रेटच्या ओळीत फायबर मोजत नाहीत. त्यामुळे पावाच्या हिशोबात आपण फायबरची ऊर्जा धरलीच नव्हती. १७ दुणे ३४ मिळवले की ३३६ बरोबर येतात. अमेरिकेतल्या पाकिटावर मात्र फायबर एकूण कार्बोहायड्रेटमध्येच असतं.

म्हणून फरक किती आहे याच्या आधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघावं. छापलेली ऊर्जा आपल्या बेरजेपेक्षा कमी असेल आणि फरक फायबरच्या दुप्पट असेल, तर फायबर आत धरलेलं आहे. तेवढीच जास्त असेल तर बाहेर. आठ-नऊ किलोकॅलरींचा फरक सोडून द्यावा, कारण ग्रॅम पूर्णांकात छापले की फॅटमधल्या अर्ध्या ग्रॅमनंच साडेचार इकडेतिकडे होतात. फायबर एकूणात धरूनही त्याला ४ नंच गुणणाऱ्या लॅब आहेत. तिथे बेरीज सरळ जुळते. आणि आपल्याकडे फायबरची ओळ सक्तीची नाही. ती नसेल तर ४८ चा फरक कशामुळे आला हे नुसत्या लेबलावरून ठरवता येत नाही.

खरी गंमत पुढच्या प्रूफला झाली. छपाईवाल्यानं फॅटचे ३६ चे २६ केले. आता बेरीज आली ४३८ आणि छापलेले ४८०, म्हणजे ४२ जास्त. ताईंनी शिकलेला नियम लगेच लावला: जास्त आहे, म्हणजे फायबर बाहेर, ४३८ अधिक ४८ म्हणजे ४८६, सहाचाच फरक, तो पूर्णांकांचा. मीही क्षणभर मान डोलावली.

मग वजनाची बेरीज केली. फायबर बाहेर असेल तर १८, ३३, २६ आणि २४ मिळून १०१ ग्रॅम होतात. शंभर ग्रॅम चटणीत १०१ ग्रॅम मावतील कसे? त्यात मीठ आणि ओलावा तर अजून धरलेलाच नाही. म्हणजे फायबर आतच आहे आणि चूक दुसरीकडे आहे. फायबर आत धरून नीट हिशोब केला तर ४३८ मधून ४८ जाऊन ३९० यायला हवे होते. छापलेल्या ४८० शी फरक बरोबर ९० चा. नव्वद म्हणजे दहा ग्रॅम फॅट, म्हणजे दशकाचा एक अंक. लॅबचा कागद काढला, तिथे ३६ होते.

ही तपासणी पकडते ती लेबलावरच्या आकड्यांची आपसातली विसंगती. लॅबला दिलेला नमुनाच जास्त ओलसर असेल तर सगळेच आकडे एकदम खाली येतात आणि बेरीज तरीही जुळते. म्हणून ताई आता चटणी पूर्ण गार झाल्यावर, पाकिटात भरतात त्याच डब्यातून नमुना काढतात.