छोटा वाढदिवस आणि शांत वाढदिवस

"यंदा घरच्या घरी, दहाच माणसं," असं ठरलं की वाटतं, चला, शांत वाढदिवस होणार. मागच्या वर्षी आम्हीही तसंच समजलो. लेकाला सहावं लागलं होतं, गर्दी आणि गोंगाट त्याला सोसत नाही, म्हणून हॉल नाही की डीजे नाही. पण फटाक्यासारखी मेणबत्ती पेटली, दहा जणांनी एकदम टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं आणि तो कान दाबून बाथरूममध्ये पळाला.

छोटा म्हणजे माणसं कमी. शांत म्हणजे एका वेळी अंगावर येणाऱ्या गोष्टी कमी. माणसं दहाच होती, पण फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या दिवाणखान्यात आवाज घुमत होता. त्यात फुग्यांच्या रबराचा वास, डोळ्यांवर मोबाईलचे फ्लॅश, गालगुच्चे आणि स्वयंपाकघरात शिट्टी देणारा कुकर. हे सगळं एकाच पाच मिनिटांत. माझ्या मते चूक पाहुण्यांची नव्हती, त्या पाच मिनिटांची होती.

यंदा माणसं जवळजवळ तीच बोलावली, फक्त वेगवेगळ्या वेळी. औक्षण सकाळीच, एकट्या आजीने केलं. दुपारी त्याच्या ओळखीची दोन मुलं साडेचार ते पावणेसहा आली आणि तिघं जमिनीवर बसून ठोकळे जोडत होती. आत्या-मामा संध्याकाळी, जेवायला. केक कापताना साधी मेणबत्ती, गाणं नाही, टाळ्यांऐवजी हात हवेत हलवायचे. (मामांना हे तीनदा सांगावं लागलं.) फुगे आणलेच नाहीत, रबरी फुगा कधी फुटेल या धास्तीनेच तो अर्धा थकतो.

आदल्या दिवशी कोण येणार, मग काय, शेवटी काय, याची चार चित्रं काढून फ्रिजवर लावली. आतली खोली त्याची: पडदे ओढलेले, गादी, आवडती गोधडी. आवाज अडवणारे हेडफोन आठवडाभर आधीपासून थोडा थोडा वेळ घालायला दिले, कारण नवी वस्तू ऐन वेळी डोक्यावर चढवली तर तिचाच त्रास होतो. दिवसभर मात्र ते घालू देत नाही. कान शांततेला इतके सरावतात की साधा आवाजही टोचायला लागतो.

गफलत आणखी एका ठिकाणी होते. मूल मोठ्याने हसत गोल गोल धावतंय, म्हणजे मजेत आहे असं पाहुण्यांना वाटतं. आमच्याकडे बऱ्याचदा ती सगळं अति झाल्याची खूण असते. हाक मारल्यावर वळून बघत नाही, वस्तूंवर आदळतो, हसू थांबतच नाही, असं दिसलं की रडू फुटायची वाट न बघता आम्ही त्याला "चल, पाणी पिऊ" म्हणत आत नेतो. दहा-पंधरा मिनिटं कुणी बोलत नाही. बाहेर परत यायचं की नाही, ते तो ठरवतो.

यंदा तो दोनदा आत गेला. दुसऱ्यांदा कारण ठरली दाराची बेल. सगळं आवरलं होतं, ती तेवढी बंद करायची राहिली.