निकेल बायस

पॅनल डेटात, म्हणजे त्याच कंपन्यांच्या किंवा माणसांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांत, मागच्या वर्षीचा y उजव्या बाजूला टाकला आणि वर्षं मोजकीच असली, की फिक्स्ड इफेक्ट्सचं उत्तर चुकतं, सहसा खालच्या बाजूला. या चुकीला निकेल बायस म्हणतात, कारण स्टीफन निकेल यांनी १९८१ साली तिचा नेमका हिशोब मांडला. मॉडेल साधंच आहे:

```
y_it = ρ y_i,t-1 + α_i + ε_it
```

ρ म्हणजे मागच्या वर्षीचा परिणाम यंदा किती टिकतो ते, ε_it म्हणजे त्या वर्षीचा धक्का, ज्याचा व्हेरियन्स σ², आणि α_i म्हणजे प्रत्येक कंपनीचा किंवा माणसाचा न बदलणारा गुण. α_i घालवायला प्रत्येकाच्या आकड्यांतून त्याचीच सरासरी वजा करतात, आणि गडबड इथेच होते, कारण सरासरीत सगळ्या वर्षांचे धक्के मिसळलेले असतात, त्यामुळे α_i जातो खरा पण लॅग आणि एरर यांचं आधी नसलेलं नातं जुळून बसतं.

सगळ्यात छोटं उदाहरण घेऊ, प्रत्येकाचे तीनच आकडे, y0, y1, y2. लॅगमुळे वापरता येणारी वर्षं उरतात दोन, आणि दोन वर्षांत सरासरी वजा करणं म्हणजे सरळ फरक घेण्यासारखंच:

```
y2 - y1 = ρ (y1 - y0) + (ε2 - ε1)
```

आता बघा, y1 मध्ये ε1 अधिक चिन्हाने बसलाय आणि एररमध्ये तोच वजा चिन्हाने, म्हणजे दोघांचा कोव्हेरियन्स -σ². मालिका स्थिर असेल तर y1 - y0 चा व्हेरियन्स 2σ²/(1+ρ) येतो. भागाकार केला की बायस -(1+ρ)/2. खरा ρ ०.५ असेल तर बायस -०.७५, आणि उत्तर येतं -०.२५! चिन्हच उलटं, म्हणजे कालचा परिणाम आज टिकतो हे सत्य असताना रिग्रेशन सांगतं की तो उलटतो.

लोकांना वाटतं माणसं वाढवली की भागेल, पण नाही, दहा हजार घ्या की लाख, प्रत्येकाची सरासरी त्या दोनच वर्षांची राहते, त्यामुळे फक्त स्टँडर्ड एरर लहान होतो आणि चुकीच्या आकड्यावर विश्वास वाढतो. बायस कमी होतो तो वापरता येणारी वर्षं, म्हणजे T, वाढली की, आणि T मोठा असेल तर तो साधारण -(1+ρ)/(T-1) इतका असतो. पण T १० असतानाही ०.५ च्या जागी ०.३४ च्या आसपासच मिळतं, म्हणजे दहा वर्षंसुद्धा पुरत नाहीत.

हे ओळखायचं कसं? α_i कडे दुर्लक्ष करून साधं ओएलएस चालवा, ते ρ वर ढकलतं, फिक्स्ड इफेक्ट्स खाली ओढतं. नीट उत्तर या दोघांच्या मधे पडायला हवं, नाही पडलं तर काहीतरी बिघडलंय समजा.

उपाय वरच्या समीकरणातच आहे. y0 मध्ये ε1 नाही आणि ε2 पण नाही, तरी y1 - y0 शी त्याचं नातं आहे, म्हणून तो इन्स्ट्रुमेंट म्हणून चालतो (अँडरसन-श्याव, पुढे १९९१ मध्ये अरेलानो-बाँड). अट एवढीच की धक्के एकमेकांशी जोडलेले नसावेत. आणि ρ १ च्या जवळ गेला की y0 ला पुढच्या फरकाबद्दल फारसं काही माहीतच नसतं, मग इन्स्ट्रुमेंट कमकुवत पडतं.