कोल्हापुरी चप्पल फोनवर नेताना: जीएलटीएफ की एफबीएक्स?

चप्पल लाईनमधल्या एका दुकानदार काकांसाठी मी कानाच्या कोल्हापुरीचं थ्रीडी मॉडेल केलं. गिऱ्हाइकानं फोनवर चप्पल बोटानं फिरवून बघावी, एवढंच काकांना हवं होतं. त्यांच्या भाच्याला मात्र तीच चप्पल युनिटीत बनवत असलेल्या एका खेळात घालायची होती. मी ब्लेंडरमधून एकाच मॉडेलच्या दोन फाइल काढल्या, एक जीएलटीएफ फॉरमॅटची `.glb` आणि एक एफबीएक्स फॉरमॅटची `.fbx`.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. "दादा, चप्पल गायब झाली!"

ती गायब झाली नव्हती, २.७ मिलिमीटरची झाली होती. मूळ लांबी २७ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर शंभर पट लहान. असा नेमका शंभराचा फरक दिसला की मॉडेलमध्ये चूक शोधत बसू नये, एककाकडे बघावं. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतो, एफबीएक्सचं मूळ माप सेंटिमीटर. ब्लेंडरची नेहमीची सेटिंग ठेवून फाइल काढली की बिंदूंचे आकडे तसेच राहतात आणि अख्ख्या वस्तूवर १००चा गुणक बसतो. युनिटीत चप्पल योग्य मापाची दिसते, पण Scale च्या रकान्यात १०० असतं. भाच्याच्या कोडनं तिथं १ लिहिलं आणि चप्पल मुंगीएवढी झाली. तसंच अक्षांचं. ब्लेंडरमध्ये 'वर' म्हणजे Z, युनिटीत Y, म्हणून X भोवती उणे ९० अंशांचं वळणही त्याच वस्तूवर येऊन बसतं.

उपाय सोपा निघाला. एक्स्पोर्ट करताना Apply Scalings मध्ये `FBX All` निवडलं, युनिटीच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये `Bake Axis Conversion` वर खूण केली आणि फाइल पुन्हा घेतली.

`.glb` मध्ये हा घोळ होत नाही, कारण जीएलटीएफच्या नियमपुस्तकातच ठरवून टाकलंय: अंतर मीटरमध्ये आणि Y वर. हे नियम क्रोनोस ग्रुप ही संस्था उघडपणे प्रसिद्ध करते. आता चालू असलेली २.० ही आवृत्ती २०१७ची. एफबीएक्स आधी केदारा कंपनीच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरसाठी बनला आणि २००६पासून ऑटोडेस्ककडे आहे. त्याच्या फाइलची आतली रचना जाहीर केलेली नाही. ब्लेंडरच्या मंडळींनी ती फाइली तपासत तपासत उलगडली. त्यामुळे एकच `.fbx` दोन सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हांनी उघडली, तर मला नवल वाटत नाही.

काकांच्या दृष्टीनं खरा प्रश्न चामड्याचा होता. तेल प्यायलेलं चामडं मंद चमकतं, प्लॅस्टिकसारखं लखलखत नाही. ही मंद चमक 'रफनेस' या आकड्यानं सांगतात: शून्य म्हणजे आरसा, एक म्हणजे खडूसारखा कोरडा पृष्ठभाग. जीएलटीएफ `.glb` ऐवजी `.gltf` म्हणून काढली तर ती साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे मी तिथं काय लिहिलंय ते नोटपॅडमध्येही वाचता येतं:

```json
"pbrMetallicRoughness": {
  "baseColorFactor": [0.35, 0.17, 0.07, 1],
  "metallicFactor": 0,
  "roughnessFactor": 0.7
}
```

`metallicFactor` ची ओळ गाळली तर नियमाप्रमाणे तिची किंमत १ धरली जाते आणि चामडं धातूचं होतं. एखाद्यानं हातानं फाइल लिहिली आणि चप्पल पितळी दिसली, तर आधी ही ओळ बघावी.

एफबीएक्सचं जुनं मटेरियल लॅम्बर्ट आणि फाँग या आधीच्या पद्धतींवर बेतलेलं आहे. त्यात रफनेससाठी ठरलेली जागा नाही, म्हणून ब्लेंडर त्याचं 'शायनिनेस'मध्ये रूपांतर करतो आणि पुढचं सॉफ्टवेअर त्याचा आपापला अर्थ लावतं. रंग पोचतो, चमक बिघडते. भाच्याला चामड्याचं मटेरियल युनिटीत नव्यानं लावावं लागलं. ब्लेंडरमध्ये नोड जोडून काढलेले डाग आणि सुरकुत्या तर दोन्ही फॉरमॅटमध्ये जात नाहीत. त्या आधी चित्रात बेक कराव्या लागतात.

मग सगळीकडे `.glb` च का देऊ नये? कारण त्यात पृष्ठभाग त्रिकोणांचा होतो. वेणीचे पेड मी चौकोनी जाळीत रचले होते. `.glb` परत ब्लेंडरमध्ये उघडली की प्रत्येक चौकोन तिरका कापलेला दिसतो. धारदार कडांवर बिंदूही वाढतात. साध्या ठोकळ्याला ८ कोपरे, पण जीएलटीएफमध्ये त्याचे २४ बिंदू होतात, कारण प्रत्येक कोपऱ्यावर तीन पृष्ठभाग तीन वेगळ्या दिशांना तोंड करून असतात. अशा जाळीवर वेणी दुरुस्त करायला बसलं की जीव जातो. एफबीएक्स चौकोन जपतो, म्हणून मायासारख्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा कारागीर पुढचं काम करणार असेल, तर मी त्याला `.fbx` देतो आणि सोबत रफनेसचं चित्र वेगळं ठेवतो.

काकांना `.glb` दिली. भाच्याकडे `.fbx` राहिली, कारण गोंड्याची जाळी त्याला अजून बदलायची आहे. मूळ `.blend` मी माझ्याकडे ठेवली आहे. पुढच्या वेळी कान रुंद करायचे झाले तर काम तिच्यातच होईल.