स्वयंपूर्ण कॅप्शन व तक्ताटीप

शोधनिबंधातली आकृतीखालची कॅप्शन आणि तक्त्याखालची टीप नव्याने लिहिण्याची ही रीत आहे. निबंधाचा मजकूर समोर नसतानाही ती आकृती किंवा तो तक्ता अचूक वाचता यावा, हा तिचा हेतू. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती तक्त्याला थोडक्यात पण स्वतःच अर्थ सांगणारे शीर्षक मागते. स्पष्टीकरण शीर्षकात न कोंबता तळटिपेत द्यावे आणि विचलनाचे माप कोणते ते लिहावे, असेही ती सांगते. कृषी नियतकालिकांच्या सूचनांत साधारण हेच असते. तरीही हस्तलिखितात सर्वात कमी वेळ मिळतो तो याच ओळींना, कारण त्या लिहिताना लेखकाच्या डोक्यात सगळा प्रयोग ताजा असतो आणि काय सांगायचे राहिले ते त्याला दिसतच नाही.

नागपुरात १९०६ सालापासून कृषी महाविद्यालय आहे आणि अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. संत्र्याच्या फळगळीवरचे तक्ते इथे नेहमी तयार होतात, म्हणून उदाहरणही तेच घेऊ. खालचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष प्रयोगाचे नाहीत. मांडणी मात्र इथल्या कोणत्याही प्रबंधात सापडेल अशी आहे.

तक्ता ३. वेगवेगळ्या ट्रीटमेंटचा फळगळीवर परिणाम

| ट्रीटमेंट | फळगळ |
|---|---|
| टी१ | ५० (४५.०) |
| टी२ | ४५ (४२.१) |
| टी३ | ३३ (३५.१) |
| टी४ | २५ (३०.०) |
| टी५ | २७ (३१.३) |
| एसईएम ± | २.० |
| सीडी, ५ टक्के | ६.२ |

हा तक्ता निबंधातून काढून एखाद्याच्या हाती द्या. टी३ म्हणजे फक्त जिबरेलिक आम्ल आणि टी४ म्हणजे जिबरेलिक आम्ल अधिक युरिया, एवढे त्याला तोंडी सांगा. तो ३३ मधून २५ वजा करील, ८ हा फरक सीडीच्या ६.२ पेक्षा मोठा आहे असे पाहील आणि युरिया मिसळल्याने फळगळ आणखी कमी होते असा निष्कर्ष काढील. तो चुकलेला असेल, पण दोष त्याचा नाही. सीडी म्हणजे क्रांतिक फरक. दोन सरासऱ्यांमधला फरक त्याहून मोठा असेल तरच तो खरा धरायचा. इथे मात्र ही सीडी कंसाबाहेरच्या टक्क्यांसाठी नाही, कंसातल्या आकड्यांसाठी आहे. तिथे फरक ३५.१ वजा ३०.०, म्हणजे ५.१ इतकाच निघतो आणि तो ६.२ च्या आत राहतो. युरियाचा जादा फायदा या प्रयोगातून सिद्ध होत नाही. निबंधाच्या मजकुरात लेखकाने हे बरोबर लिहिलेलेही असेल. पण तक्ता एकटाच फिरतो, कधी सादरीकरणाच्या स्लाइडवर, कधी दुसऱ्याच्या आढाव्यात, आणि तिथे चुकीचा अर्थ घेऊन बसतो.

कंसात काय आहे? टक्केवारीवर विचरण विश्लेषण करण्याआधी तिचे आर्कसाइन रूपांतर करण्याची कृषी संशोधनात जुनी पद्धत आहे. टक्क्यांच्या अपूर्णांकाचे वर्गमूळ काढायचे आणि ज्या कोनाची साइन तेवढी आहे तो कोन अंशांत घ्यायचा. त्यामुळे २५ टक्क्यांचे ३० अंश होतात आणि ५० टक्क्यांचे ४५ अंश. या दोन जोड्या पाठ असल्या की कोणताही तक्ता पाहताक्षणी ओळखता येतो. टीप नसली तरी २५ च्या कंसात ३०.० दिसले, तर विश्लेषण कंसातल्या आकड्यांवर झाले आहे असा दाट संशय घ्यावा. प्रत्यक्ष तक्त्यात हे जुळणे थोडे ढळते, कारण प्रत्येक पुनरावृत्तीचे कोन काढून त्यांची सरासरी घेतली तर ती सरासरी टक्केवारीच्या कोनापेक्षा किंचित वेगळी येते. म्हणून तक्त्यातला आकडा यांपैकी कोणत्या रीतीने आला तेही टिपेत लिहिलेले बरे.

एसईएम आणि सीडी या दोन ओळी एकमेकींशी बांधलेल्या असतात. एसईएमला, म्हणजे सरासरीच्या प्रमाण त्रुटीला, २ च्या वर्गमुळाने गुणायचे आणि मग टी-मूल्याने गुणायचे, की सीडी मिळते. पाच ट्रीटमेंट आणि चार पुनरावृत्त्यांच्या रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनमध्ये त्रुटीचे डिग्री ऑफ फ्रीडम १२ असतात आणि पाच टक्के पातळीवर टी-मूल्य २.१७९ येते. म्हणजे सीडी एसईएमच्या सुमारे ३.०८ पट हवी. वरच्या तक्त्यात ६.२ ला २.० ने भागले की ३.१ येतात, तेव्हा हिशेब बसतो. हा भागाकार २.२ च्या आसपास आला, तर ‘एसईएम’ या नावाखाली दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी छापली गेली आहे असे समजावे. ती चूक नागपूरच काय, कुठल्याही कृषी विद्यापीठाच्या प्रबंधात आढळू शकते. टीप पुन्हा लिहिताना हा भागाकार आधी करावा, कारण टीप कितीही नीट लिहिली तरी खालचा आकडाच दुसरा असेल तर तिचा उपयोग नाही.

पुनर्लेखनानंतर शीर्षक असे होईल: ‘नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहारातील काढणीपूर्व फळगळ: पाच प्रकारच्या फवारण्यांची एका हंगामातील तुलना.’ आणि टीप अशी: ‘आंबिया बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येऊन पावसाळ्यानंतर काढणीस येणारा बहार. फळगळ म्हणजे पहिल्या फवारणीच्या दिवशी खूण केलेल्या फांद्यांवरील फळांपैकी ऑक्टोबरअखेर गळलेल्या फळांची टक्केवारी. टी१ पाणी, टी२ युरिया १ टक्का, टी३ जिबरेलिक आम्ल १५ पीपीएम, टी४ जिबरेलिक आम्ल १५ पीपीएम अधिक युरिया १ टक्का, टी५ २,४-डी १५ पीपीएम अधिक युरिया १ टक्का. प्रत्येक फवारणी दोनदा, १५ दिवसांच्या अंतराने. चार पुनरावृत्त्या, प्रत्येकीत तीन झाडे. तिन्ही झाडांची सरासरी हे एक निरीक्षण. कंसातील आकडे सरासरी टक्केवारीचे आर्कसाइन रूपांतर, अंशांत. एसईएम (सरासरीची प्रमाण त्रुटी) आणि सीडी (क्रांतिक फरक) फक्त कंसातील आकड्यांना लागू.’

आंबिया बहाराचा खुलासा नागपूर-काटोलच्या वाचकाला अनावश्यक वाटेल. पण हा तक्ता स्पेनमध्ये किंवा ब्राझीलमध्ये संत्र्यावर काम करणाऱ्यालाही वाचायचा आहे, आणि त्याच्याकडे बहार हा शब्दच नाही. तो शब्द काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. मृग बहार की आंबिया बहार यावरून फळगळीचा काळ आणि त्या काळातले हवामान बदलते. स्थानिक शब्द ठेवावा आणि त्याला महिने जोडावेत.

‘तिन्ही झाडांची सरासरी हे एक निरीक्षण’ हे वाक्य छोटे असले तरी टिपेतले महत्त्वाचे आहे. ते नसेल तर वाचक प्रत्येक ट्रीटमेंटमध्ये १२ निरीक्षणे धरतो, कारण झाडे बारा आहेत. एकाच ओळीतल्या शेजारच्या तीन झाडांना माती आणि पाणी सारखेच मिळते, त्यामुळे ती स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. पुढे एखादा संशोधक अनेक निबंध एकत्र करून आढावा घेतो, तेव्हा तो प्रमाण त्रुटीवरून प्रमाण विचलन काढतो. त्यासाठी त्रुटीला निरीक्षणसंख्येच्या वर्गमुळाने गुणतो. त्रुटी ३ असेल आणि संख्या ४ असेल तर विचलन ६ येते. संख्या १२ धरली तर तेच १०.४ होते. तक्त्याखाली एक वाक्य नसल्याने दुसऱ्याच्या आढाव्यात चुकीचे वजन पडते.

आकृतीच्या कॅप्शनमध्ये हीच अडचण स्तंभाच्या टोकावरच्या उभ्या रेषेला येते. चार निरीक्षणे आणि ६ इतके प्रमाण विचलन असेल, तर ती रेषा वर-खाली ६ असू शकते. प्रमाण त्रुटी दाखवली असेल तर ती ३ असेल. ९५ टक्के विश्वासांतर असेल तर सुमारे ९.५ असेल, कारण तीन डिग्री ऑफ फ्रीडमसाठी टी-मूल्य ३.१८२ असते. एकाच माहितीच्या या तीन रेषा तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि कॅप्शनमध्ये नाव नसेल तर कोणती आहे ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. ‘त्रुटीरेषा दर्शविल्या आहेत’ या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. ‘रेषा: सरासरी ± प्रमाण त्रुटी, निरीक्षणे ४’ एवढे पुरते. स्तंभांवर अ, ब अशी अक्षरे असतील तर समान अक्षर म्हणजे फरक सिद्ध नाही हे सांगावे आणि कोणत्या चाचणीने व कोणत्या पातळीवर ते ठरले हेही लिहावे. वरच्या उदाहरणात टी१ आणि टी२ ला ‘अ’ मिळेल, बाकी तिन्हींना ‘ब’. टक्क्यांचे स्तंभ काढून कोनांवरची अक्षरे चिकटवली असतील तर तसे स्पष्ट लिहावे, नाही तर तक्त्यातला घोटाळा आकृतीत पुन्हा होतो.

किती लिहायचे याची सीमा आखायला एक कसोटी उपयोगी पडते. आकृती *वाचायला* जे लागते ते कॅप्शनमध्ये जावे आणि प्रयोग *पुन्हा करायला* जे लागते ते पद्धती विभागात राहावे. फवारणीचे प्रमाण वाचायला लागते. पंपाचा प्रकार, मातीचा सामू, फांद्यांची निवड कशी केली हे पद्धतीत शोभते. निष्कर्ष टिपेत आणू नयेत. शीर्षकात निष्कर्ष चालतो की नाही हे नियतकालिकागणिक बदलते, तेव्हा अलीकडच्या अंकातले दोन-तीन निबंध पाहून ठरवावे. टिपांचा क्रमही शैलीवर अवलंबून असतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत आधी संपूर्ण तक्त्याला लागू असणारी टीप येते, मग विशिष्ट चौकटीची आणि शेवटी संभाव्यतेची, म्हणजे ताऱ्यांची.

कामाला बसताना प्रत्येक आकृती आणि तक्ता वेगळ्या कागदावर छापून घ्यावा आणि ‘वरीलप्रमाणे’, ‘मजकुरात सांगितल्यानुसार’, ‘आकृती १ प्रमाणेच’ या शब्दांखाली रेघ मारावी. अशा प्रत्येक रेघेच्या जागी मूळ माहिती पुन्हा लिहायची असते, मग ती तीन तक्त्यांत तीनदा आली तरी चालेल. संक्षेपही प्रत्येक ठिकाणी नव्याने उलगडावेत. त्यानंतर ते कागद दुसऱ्या विषयातल्या सहकाऱ्याकडे द्यावेत, फळशास्त्राचे असतील तर मृदाशास्त्राच्या माणसाकडे, आणि ‘टी३ आणि टी४ मध्ये फरक आहे का, आणि तो तुम्ही कशावरून ठरवला?’ एवढेच विचारावे. तो उत्तर देताना कोणत्या आकड्यावर बोट ठेवतो तिकडे लक्ष द्यावे. त्याचे बोट ३३ वर गेले, तर टीप अजून अपुरी आहे.

परीक्षकांच्या सूचनांनंतर विश्लेषण बदलले की हे काम पुन्हा करावे लागते. मजकुरातली सीडी सुधारली जाते आणि तक्त्याखालची जुनीच राहते, ही चूक छापून आल्यावरच दिसते. आर्कसाइन रूपांतर सोडून द्विपद विदेसाठीचे लॉजिस्टिक प्रतिमान वापरावे अशी सूचना हल्ली वारंवार येते. ते केल्यास कंस, एसईएम आणि सीडी ही तिन्ही तक्त्यातून जातात, त्यांच्या जागी अंदाजित टक्केवारी आणि तिचे विश्वासांतर येते, आणि टीप पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहावी लागते.